फोटो सहा, पानं सात

*मालवणजवळच्या एका वाचक ताईंचं पत्र:*

*"मी आणि माझे मिस्टर घरगुती खानावळ चालवतो. रस्त्याला लागून असलेलं एक कौलारू घर आम्ही अकरा महिन्यांच्या कराराने घेतोय. मालक मुंबईला असतात. त्यांनी कराराचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत, सोमवारी सही करायची आहे. भाषा अशी आहे की दोनदा वाचूनही डोक्यात काही राहत नाही. आम्ही काय काय करायचं, कधी करायचं आणि चुकलं तर किती भुर्दंड पडेल, एवढंच सुटं करून कळेल का? फोटो सोबत जोडते."*

ताई,

तुमचे फोटो मी मोठे करून बघितले. अटींकडे वळायच्या आधी पहिली गोष्ट सांगते, कारण ती राहिली तर पुढचं सगळं वाचणं अर्धवट होईल. फोटो सहा आहेत, पण करार सात पानांचा आहे. पानांच्या तळाशी आकडे बघा: १, २, ३, ४ आणि मग थेट ६, ७. पान ४ चं शेवटचं वाक्य "लिहून घेणार यांनी सदर मिळकतीमध्ये कोणत्याही प्रकारचे" इथे तुटलंय आणि पुढचा फोटो "जबाबदार राहणार नाहीत." या शब्दांनी सुरू होतो. मधल्या पानावर कलम ८ चा उरलेला भाग आणि कलम ९, १० आहेत. मुद्दाम कोणी लपवलं असं मी म्हणत नाही, फोटो काढताना दोन पानं एकदम उलटली गेली असतील. पण कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की भाडं थकलं तर "कलम १० प्रमाणे कारवाई" होईल. म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, भुर्दंडाचं, निम्मं उत्तर त्या न आलेल्या पानावर आहे.

मी बरीच वर्षं तहसील कचेरीच्या आवारात दस्त लिहायचं काम केलं. हल्ली करार हातात कमी आणि फोनवर जास्त येतात, आणि त्यामुळे चुका वेगळ्या प्रकारच्या व्हायला लागल्यात. पूर्वी माणसं कागद न वाचता सही करायची. आता वाचतात, पण अर्धा कागद वाचतात आणि तो पूर्ण आहे असं समजतात. म्हणून फोटोतला करार वाचायला घेताना तीन जोडण्या तपासायच्या. पानांचे आकडे ओळीने आहेत का. कलमांचे आकडे ओळीने आहेत का. आणि एका पानाचं शेवटचं वाक्य पुढच्या पानाच्या पहिल्या शब्दाला लागतं का. याला पाच मिनिटं लागतात.

चौथी तपासणी थोडी बारीक आहे. करारात जिथे जिथे दुसऱ्या कागदाचा उल्लेख आहे तिथे खूण करा. तुमच्या कलम १२ मध्ये "परिशिष्ट अ मध्ये नमूद वस्तू सुस्थितीत परत करणे" असं आहे. ते परिशिष्टही फोटोत नाही. पंखे किती, पाण्याची मोटार चालू आहे का, ओट्याची फरशी तडकलेली आहे की नाही, हे त्यात लिहिलेलं असणार, आणि अकरा महिन्यांनी अनामत रकमेतून काय कापायचं ते त्यावरून ठरणार. माझ्या बहिणीच्या मुलाने शहरात एक खोली घेतली होती. जागा सोडताना रंगकामाचे पैसे अनामतीतून गेले, कारण "रंग देऊन परत करणे" ही ओळ करारात नव्हती, परिशिष्टात होती. सही त्याने दोन्हींवर केली होती, वाचला फक्त करार.

फोटो पुन्हा मागवाल तेव्हा मालकांना एवढं सांगा की पान टेबलावर सपाट ठेवून, दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता, फोन बरोबर वर धरून एका फोटोत एकच पान घ्यावं. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. फोटो म्हणून पाठवलं की ॲप तो आकाराने लहान करतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. तुमच्या पान ६ च्या उजव्या कडेला कागद वळलाय आणि तिथेच दररोजच्या दंडाचा आकडा आहे. पहिल्या नजरेला मला तो "९,०००" वाटला. खाली "अक्षरी रुपये एक हजार फक्त" असं होतं म्हणून कळलं की तो "१,०००" आहे. पुसट फोटोत १ आणि ९ यांचा घोटाळा नेहमीचा, तेव्हा रक्कम कायम अक्षरांवरून पक्की करायची. जिथे अक्षरी रक्कम नसेल तिथे आकडा विचारून घ्यायचा, अंदाज करायचा नाही. आणि हो, पहिल्या पानावर दोन्हीकडचे आधार आणि पॅन क्रमांक आहेत. मला पाठवलेत ते ठीक, पण चार जणांच्या ग्रुपवर सल्ला विचारायला तेच पान टाकू नका. टाकायचंच असेल तर क्रमांकांवर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा.

आता सुटं करायचं काम. कराराची भाषा जड वाटते याचं मुख्य कारण शब्द नाहीत. एकाच वाक्यात तीन-चार गोष्टी ओवलेल्या असतात, हे कारण आहे. तुमचं कलम ६ बघा, जसंच्या तसं:

"लिहून घेणार यांनी मासिक लायसन्स फी रु. १२,०००/- प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेच्या आत लिहून देणार यांचे बँक खात्यात जमा करावयाची असून त्यात कसूर झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास रु. २००/- प्रमाणे दंड देणे लिहून घेणार यांचेवर बंधनकारक राहील, व सलग दोन महिने फी थकल्यास कलम १० प्रमाणे कारवाई करण्याचा अधिकार लिहून देणार यांस राहील."

पेन्सिल घ्या आणि आधी माणसं बदला. "लिहून देणार" म्हणजे मालक, "लिहून घेणार" म्हणजे तुम्ही. हे पहिल्या पानावर एकदा बघून खात्री करायची, कारण सगळे कागद एकसारखे लिहिलेले नसतात. प्रत्येक ठिकाणी वर "ते" आणि "मी" असं लिहा. अर्धं धुकं इथेच विरतं.

मग क्रियापदं शोधा. "करावयाची", "देणे", "बंधनकारक राहील", "जबाबदारी राहील" अशी शेपटी जिथे असेल तिथे कोणाचं तरी काम लिहिलेलं असतं. वरच्या वाक्यात तुमचं काम एकच आहे: दरमहा बारा हजार त्यांच्या खात्यात भरायचे. त्यानंतर वेळेचे शब्द: आत, पर्यंत, पासून, पूर्वी, नंतर. इथे "५ तारखेच्या आत". आणि शेवटी चुकलं तर काय, त्याचे शब्द: कसूर, अन्यथा, न केल्यास, थकल्यास. इथे ते दोनदा आलेत, म्हणजे भुर्दंडही दोन आहेत. एक दररोज दोनशे. दुसरा दोन महिने थकलं तर कलम १०, जे अजून आपल्याला दिसलेलं नाही.

"अधिकार राहील" किंवा "मुभा राहील" दिसलं की थांबा. ते कोणाचं काम नाही, तेव्हा कामांच्या यादीत घालायचं नाही. पण तो अधिकार समोरच्याचा असेल तर त्याचा भार तुमच्यावर पडतो, म्हणून तो "चुकलं तर" या मथळ्याखाली किंवा वेगळ्या ओळीत लिहायचा. अधिकार आणि काम यांची गल्लत शिकलेली माणसंसुद्धा करतात.

भुर्दंडाचं आणखी एक सांगते. करारात "दंड" हा शब्द असतो तिथे सगळ्यांचं लक्ष जातं. पण मोठे पैसे जातात ते "वजा करणे", "जप्त होईल", "परत मिळणार नाही", "स्वखर्चाने" अशा शब्दांतून. तुमच्या करारात दंड हा शब्द दोनच ठिकाणी आहे. पैसे जाण्याच्या जागा मी मोजल्या त्या पाच निघाल्या, आणि त्यासुद्धा पान ५ सोडून.

तारखांकडे तुम्ही सगळ्यात जास्त लक्ष द्या असं मी म्हणेन, कारण करारात खऱ्या तारखा फार थोड्या असतात. बाकी सगळी गणितं असतात. "मुदत संपण्यापूर्वी ३० दिवस", "ताबा दिल्यापासून ३० दिवसांत" यांचं उत्तर कॅलेंडर घेऊन आपण काढायचं असतं. तुमच्या करारात पक्की तारीख एकच आहे, १ नोव्हेंबर. बाकी सगळं तिच्यावर लटकलेलं आहे. अकरा महिने म्हणजे ३० सप्टेंबरला मुदत संपते. १ ऑक्टोबरला नाही, ३० सप्टेंबरला. मुदतीनंतर जागा ठेवली तर कलम ११ प्रमाणे रोजचा दंड लागतो, म्हणून एका दिवसाचा हा फरक हजार रुपयांचा आहे. नूतनीकरण हवं असेल तर तीस दिवस आधी लेखी कळवायचं, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत. आणि लॉक-इन, म्हणजे ज्या काळात जागा सोडताच येत नाही तो काळ, सहा महिन्यांचा, म्हणून ३० एप्रिलपर्यंत.

इथे कलम ४ आणि ५ एकत्र वाचा. सुटं सुटं वाचलं तर दोन्ही साधी वाटतात. कलम ४ म्हणतं, सहा महिने लॉक-इन. कलम ५ म्हणतं, "लॉक-इन कालावधी संपल्यानंतर दोन महिन्यांची लेखी पूर्वसूचना देऊन करार संपुष्टात आणता येईल." "संपल्यानंतर" हा शब्द पूर्वसूचनेला लागतो की करार संपण्याला? मालक म्हणू शकतात की नोटीसच मुळी १ मे पासून पुढे द्यायची. मग तुम्ही लवकरात लवकर सुटणार ३० जूनला, म्हणजे आठ महिन्यांची फी, शहाण्णव हजार. तुम्ही म्हणाल की मार्चच्या सुरुवातीला नोटीस दिली आणि ३० एप्रिलला जागा सोडली तर बास, म्हणजे बहात्तर हजार. मधे चोवीस हजारांचा फरक, आणि तोही मे-जूनचा. तुमचा धंदा पर्यटकांवर आहे. मे महिना तुम्हाला हवाच असेल, पण मृग लागला की किनाऱ्यावर गिऱ्हाईक किती उरतं ते तुम्हीच मला सांगाल. खानावळ चालली नाही तर जूनचं भाडं द्यायचं की नाही, हे या एका शब्दावर आहे. सही करण्याआधी वाक्य बदलून घ्या: "पूर्वसूचना लॉक-इन कालावधीतही देता येईल, मात्र जागा ३० एप्रिलपूर्वी सोडता येणार नाही." एवढं पुरे.

आणि लॉक-इनच्या आत सोडलं तर? कलम ४ चं शेपूट: "उर्वरित लॉक-इन कालावधीची फी अनामत रकमेतून वजा करण्यात येईल." समजा जानेवारीअखेर जमेना म्हणून तुम्ही बंद केलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे तीन महिने उरले, छत्तीस हजार वजा. अनामतीच्या साठ हजारांतले चोवीस हजार हातात येतील, वीजबिल वेगळं. हा आकडा तुम्ही दोघांनी सहीच्या आधी एकदा मोठ्याने बोलून बघा.

हे सगळं सुटं केल्यावर तुमच्या हातात एक कागद यायला हवा. मी तुमच्यासाठी केला तो असा आहे. कलमाचा आकडा प्रत्येक ओळीत ठेवलाय, तो गाळू नका. उद्या वाद झाला तर मूळ कागदातली जागा लगेच सापडली पाहिजे, आणि खरा करार तोच, आपला कागद नव्हे.

आम्ही करायचं
दरमहा १२,००० मालकांच्या खात्यात भरणे (कलम ६). सही करताना अनामत ६०,००० देणे (कलम ३). किरकोळ दुरुस्ती स्वखर्चाने (कलम ७). जागा सोडताना परिशिष्ट अ प्रमाणे वस्तू सुस्थितीत देणे (कलम १२, परिशिष्ट मिळालेलं नाही).

मालकांनी करायचं
मोठी दुरुस्ती (कलम ७, कधी ते लिहिलेलं नाही). अनामत बिनव्याजी परत करणे, बिलं आणि नुकसानी वजा करून (कलम १२).

तारखा
१ नोव्हेंबर सुरुवात. दर महिन्याची ५ तारीख. ३० एप्रिल लॉक-इन संपते. ३१ ऑगस्टपर्यंत नूतनीकरणाचं पत्र. ३० सप्टेंबरला ताबा परत. त्यानंतर ३० दिवसांत, म्हणजे ३० ऑक्टोबरपर्यंत, अनामत परत.

चुकलं तर
फी उशिरा: दररोज २०० (कलम ६). दोन महिने थकली: कलम १०, पान आलेलं नाही. लॉक-इनमध्ये सोडलं: उरलेल्या महिन्यांची फी वजा (कलम ४). मुदतीनंतर जागा ठेवली: दररोज १,००० (कलम ११). वस्तूंचं नुकसान: अनामतीतून वजा (कलम १२).

आता या कागदाकडे लांबून बघा आणि रिकाम्या जागा शोधा. शेवटच्या मथळ्याखाली जेवढं आहे तेवढं सगळं तुमच्यासाठी आहे. मालकांनी अनामत तीस दिवसांत नाही दिली तर काय? काहीच लिहिलेलं नाही. मोठी दुरुस्ती नाही केली तर? तेही नाही. करार वाचताना हे ध्यानात येत नाही, कारण जे लिहिलेलं नसतं ते डोळ्याला दिसत नाही. मथळे पाडले की मात्र रिकामी जागा उघडी पडते. दोघांच्या कामांसमोर दोघांच्या चुकांची किंमत असायला हवी. तीस दिवसांनंतर अनामतीवर दरमहा एक टक्का व्याज, एवढी एक ओळ मागा. सरळ माणूस नाही म्हणणार नाही.

दुरुस्तीचं जरा सविस्तर सांगते, कारण कोकणात सगळे वाद इथेच होतात. "किरकोळ" आणि "मोठी" हे शब्द मुंबईच्या फ्लॅटच्या करारातून उचललेले असतात. तिथे किरकोळ म्हणजे नळाचा वायसर आणि मोठी म्हणजे भिंतीतली गळती. तुमचं घर कौलारू आहे. पावसाळ्याआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, रिपा कुजल्या असतील तर त्या बघायच्या, हे काम दर वर्षीचं आहे. ते किरकोळ की मोठं? मालक म्हणतील, दर वर्षी होतं म्हणजे किरकोळ. तुम्ही म्हणाल, छपराचं काम म्हणजे मोठं. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि तोवर ताटात पाणी गळतंय. म्हणून कामाचं नाव घालून लिहा: "कौले परतण्याचे व छपराच्या दुरुस्तीचे काम लिहून देणार ३१ मे पूर्वी स्वखर्चाने करून देतील. न केल्यास लिहून घेणार ते करून घेतील व पावतीप्रमाणे रक्कम पुढील लायसन्स फीमधून वजा करतील." बघा, काम, तारीख आणि चुकलं तर काय, तिन्ही एका अटीत आलं. अट अशी असली की मथळे पाडताना एकही घर रिकामं राहत नाही. पडवीवरची ताडपत्री तुमची, ते तुम्ही कबूल करून टाका, त्यात शोभा आहे.

कलम १३ चंही तसंच. "गणेशोत्सवात लिहून देणार यांचे कुटुंबास मागील दोन खोल्या वापरण्याची मुभा राहील." चाकरमान्याचं घर आहे, चतुर्थीला गणपती त्या घरात बसणार, यात गैर काही नाही आणि तुम्हीही नाही म्हणणार नाही. पण चतुर्थी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते आणि "गणेशोत्सवात" म्हणजे दीड दिवस, पाच, सात की अकरा, हे कुठेच नाही. मागच्या दोन खोल्यांत तुमचा कोठीचा माल आणि फ्रीज असणार. किती दिवस आधी कळवणार, किती दिवस राहणार आणि त्या दिवसांच्या विजेचं काय, एवढं लिहून घ्या. गोडीगुलाबीने आता विचारलेलं बरं, सप्टेंबरात घरात पाहुणे उतरल्यावर विचारणं अवघड जातं.

"५ तारखेच्या आत" यात ५ तारीख धरायची की नाही, हाही छोटा खडा आहे. "५ तारखेपर्यंत, ५ तारीख धरून" असं करा. आणि तुम्ही पैसे पाठवल्याची तारीख धरायची की त्यांच्या खात्यात पोचल्याची, तेही. १२ तारखेला भरलं तर सात दिवसांचे चौदाशे होतात, तेव्हा एका दिवसाची हुज्जत दोनशे रुपयांची आहे.

कलम ११ मधल्या हजार रुपये रोजाबद्दल तुम्हाला धास्ती वाटेल. बारा हजार महिना म्हणजे रोजचे चारशे, त्याच्या अडीचपट. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं, लिहिलेला आकडा आपोआप मिळतो असं नाही. पण यावर भिस्त ठेवू नका. अनामत मालकांच्या हातात आहे, ते आधी कापतील आणि न्यायालयात जायची पाळी तुमच्यावर येईल. पाच-दहा हजारांसाठी कोण जातं? म्हणून हा आकडा आत्ताच खाली आणायचा प्रयत्न करा. सहाशे-सातशेला दोघांनाही पटेल असं मला वाटतं.

नोंदणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पान ७ वर नोंदणीचा उल्लेखच नाही म्हणून लिहिते. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या भागांना लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तुमची जागा शहराच्या हद्दीत आहे की बाहेर हे फोटोवरून मला नीट कळलं नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात पत्ता सांगून विचारा, तिथे लगेच सांगतील. नोंदणीचा खर्च कोणाचा, तीही एक ओळ करारात येऊ द्या.

जे मी केलं ते अटी सुट्या करण्याचं काम आहे. अट कायद्याने टिकेल की नाही, हा पुढचा प्रश्न, आणि पान ५ वरच्या कलम १० मध्ये "कोणतीही सूचना न देता कुलूप लावण्याचा अधिकार" असलं काही निघालं तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. त्यावेळी आपला कागद आणि मूळ पानं दोन्ही घेऊन जा. वकिलाचा वेळ वाचतो आणि बोलणं नेमकं होतं.

मालकांना आजच हा निरोप पाठवा, भाषा हवी तशी बदला:

"नमस्कार काका. करार वाचला. पान ५ आणि परिशिष्ट अ आलेलं दिसत नाही, तेवढं डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का? कलम ५ मध्ये नोटीस लॉक-इनमध्ये देता येईल का, कलम ७ मध्ये कौलं परतायचं काम कोणाचं आणि कलम १३ मध्ये गणपतीचे किती दिवस, एवढं लिहून घेऊया म्हणजे दोघांनाही बरं. कलम ११ आणि १२ बद्दल फोनवर बोलते."

उत्तर फोनवर आलं तरी ठरलं ते व्हॉट्सॲपवर लिहून परत पाठवा, आणि बदल नव्याने टाइप केलेल्या करारात आलेत का ते सही आधी बघा. पेनाने केलेला बदल असेल तर त्या जागी दोघांच्याही छोट्या सह्या हव्यात. पान ५ सोमवारपर्यंत आलं नाही तर सही मंगळवारी करा, आणि तोवर अनामतीचे साठ हजार किंवा त्यातलं काही टोकन म्हणूनही पाठवू नका. पान आलं की मलाही पाठवा, कलम ९ आणि १० आपल्या कागदात भरायचे आहेत.